पोट साफ झालं नाही असं वाटतं, पण आत खरंच काही उरलंय का?

आजचा भाग हेडफोन लावूनच ऐका, कारण विषय संडासाचा आहे. वाचत असाल तर उत्तमच, शेजारच्याला कळणार नाही.

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे, आणि माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, "डॉक्टर, पोट साफ होत नाही." गंमत अशी की हे एकच वाक्य दोन पूर्ण वेगळ्या त्रासांची माणसं बोलतात. एकाच्या आत खरोखर मल अडकलेला असतो. दुसऱ्याच्या आत काहीच नसतं, पण शरीर ओरडून सांगत असतं की आहे, अजून आहे. दोघंही मेडिकलमधून तेच चूर्ण आणतात. दुसऱ्याचा त्रास त्या चूर्णानं बहुतेक वेळा वाढतोच. आज आपण या दोघांमधला फरक कसा ओळखायचा ते बघू.

एका मुलाची गोष्ट

वय २६, पुण्यात आयटी कंपनीत. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तो सकाळी सहाला उठायचा, कारण कंपनीची बस साडेआठची होती. म्हणजे अडीच तास हातात, आणि त्यातला बराचसा वेळ संडासात जायचा. पहिल्या खेपेला व्यवस्थित व्हायचं. पण उठून हात धुतले की लगेच वाटायचं, आत काहीतरी राहिलंय. परत जायचं, कुंथायचं. थोडासा चिकट पदार्थ, कधी बोटाच्या पेराएवढा तुकडा, कधी काहीच नाही. अशा पाच-सहा खेपा. बस चुकायची. मित्रांबरोबर ट्रेकला जाणं त्यानं बंद केलं होतं, कारण सकाळी गाडीत बसायची भीती. एक नोकरीचा इंटरव्ह्यू सकाळी नऊचा होता म्हणून तो गेलाच नाही.

त्यानं काय काय केलं होतं? रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण. सकाळी दोन तांबे गरम पाणी. आणि दर रविवारी जास्त डोस, "कोठा धुऊन निघावा" म्हणून. दोन वर्षं हे चालू होतं.

माझ्यासमोर बसला तेव्हा मी विचारलं, "आत्ता, या क्षणी, आत काही आहे असं वाटतंय का?" म्हणाला, "हो सर, शंभर टक्के. मोठा गोळा आहे."

मी तपासलं. हातमोजा घालून बोटानं तपासायचं असतं, दोन मिनिटांचं काम आहे. गुदाशय रिकामा होता. खडा नाही, गोळा नाही, काही नाही.

हे त्याला सांगितल्यावर पहिल्यांदा तो चिडला. त्याला वाटलं, मी म्हणतोय की हे सगळं त्याच्या मनात आहे. मी तसं म्हणत नव्हतो, आणि आजच्या भागातला महत्त्वाचा मुद्दा नेमका इथेच आहे.

ही जाणीव येते कुठून?

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा अगदी शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. बराच वेळ तो जवळजवळ रिकामा असतो. वरून मल खाली उतरला की त्याची भिंत ताणली जाते. त्या ताणाची खबर नसांमधून मेंदूकडे जाते आणि आपल्याला वाटतं, लागली.

आता नीट लक्ष द्या. आत किती ग्रॅम मल आहे हे मोजणारा काटा तिथे नाही. तिथे फक्त भिंतीवरचा ताण कळतो. त्यामुळे भिंत हळवी झाली असेल तर थोडासा वायू, चमचाभर चिकट पदार्थ, किंवा भिंतीचं नुसतं आकुंचन पावणंसुद्धा मेंदूला "भरलंय" असंच वाटतं. पायाला सूज असली की मोज्याचा स्पर्शही खुपतो, तसं. मोजा खोटा नसतो, खुपणंही खोटं नसतं, पण त्यावरून पायात काटा आहे असं ठरवलं तर चूक होईल.

उलटही होतं. वर्षानुवर्षं कळ दाबून ठेवणाऱ्या काही जणांचा गुदाशय सैलावतो आणि मंद होतो. आत भरपूर साठलेलं असतं, पण जाणीव कमी. म्हणजे ज्याला जास्त वाटतं त्याच्या आत जास्त आहे, असं अजिबात नाही. जाणीव आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग त्या मुलाच्या बाबतीत दिवसेंदिवस वाढत का गेलं? कुंथण्यामुळे. रिकाम्या गुदाशयात जोर लावला की त्याचं आतलं अस्तर खाली सरकतं आणि गुदद्वाराच्या तोंडाशी येतं. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात. गुदद्वाराची ती जागा फार संवेदनशील असते. तिला आपलंच फुगलेलं अस्तर मलासारखं लागतं. मग माणूस आणखी कुंथतो, ते आणखी फुगतं, आणि "अजून आहे" ही भावना आणखी पक्की होते. पाच खेपांमधल्या शेवटच्या तीन खेपा आधीच्या दोन खेपांनीच तयार केलेल्या असतात. त्यात सोनामुखीमुळे आतडं जोरजोरात आकुंचन पावत होतं, त्याचीही भर.

आणि खरोखर अडकतं तेव्हा

आता दुसरी गोष्ट. सीएची आर्टिकलशिप करणारी मुलगी, वय २२. तक्रार शब्दशः तीच, "पोट साफ होत नाही." पण तपशील ऐका. संडासला जायची तीन-तीन दिवसांनी. गेली की अर्धा तास. मल दाराशी आलाय हे कळायचं, पण बाहेर पडायचा नाही. जोर लावून लावून थोडा यायचा. दोन-तीन तासांनी परत गेली की चांगला मूठभर यायचा, म्हणजे तो आधीपासून तिथेच होता. आणि एक गोष्ट तिनं खूप चाचरत सांगितली, की कधीकधी बोटानं बाजूला दाबल्याशिवाय होतच नाही. हे कुणालाही सांगायला लाज वाटते, पण डॉक्टरला जरूर सांगा. निदानासाठी हे वाक्य सोन्यासारखं आहे.

मी विचारलं, "मल घट्ट असतो म्हणून अडकतो का?" ती म्हणाली, "नाही ना सर. जुलाबाचं औषध घेतलं, एकदम मऊ झाला, तरी तसंच." इथे माझे कान टवकारले. घट्ट खडा अडकणं समजू शकतं. पण मऊ मलसुद्धा बाहेर ढकलता येत नसेल, तर अडचण मलात नाही, दारात आहे.

गुदाशयाला मागून एक स्नायू गोफणीसारखा विळखा घालतो. एरवी तो ओढून धरलेला असतो, त्यामुळे वाट वाकडी राहते आणि आपण मल रोखू शकतो. संडासला बसून जोर लावला की या स्नायूनं सैल पडायचं असतं, म्हणजे वाट सरळ होते. या मुलीचा स्नायू उलटं करत होता. जोर लावला की तो आणखी आवळायचा. एका हातानं दार ढकलायचं आणि दुसऱ्या हातानं कडी लावायची, असा प्रकार. हे ती मुद्दाम करत नव्हती, नकळत लागलेली सवय होती. बोटानं तपासताना "संडासला बसल्यासारखा जोर लाव" म्हटलं की हे डॉक्टरच्या बोटाला बऱ्याचदा कळतं. तपासलं तेव्हा तिच्या गुदाशयात मल होताच, आणि ती नुकतीच संडासला जाऊन आली होती.

घरी कसं ओळखायचं?

फोनच्या नोट्समध्ये १४ दिवस लिहा. ॲप नको, खास काही नको. प्रत्येक खेपेला चारच गोष्टी: किती वाजता, किती मिनिटं बसलात, काय आलं, आणि उठल्यावर "राहिलंय" ही भावना शून्य ते दहात किती.

यातलं "काय आलं" सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेही पहिल्या खेपेचं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं. ते प्रामाणिकपणे लिहा. मूठभर, बोटभर, नुसता चिकट पदार्थ, की काहीच नाही. त्या आयटीवाल्या मुलाच्या १४ दिवसांत पहिल्या खेपेनंतरच्या एकूण ५८ खेपा होत्या. त्यातल्या फक्त चार वेळा लिहिण्यासारखं काही आलं होतं. ही यादी त्यानं स्वतःच्या हातानं केली होती, म्हणून ती माझ्या बोलण्यापेक्षा त्याला जास्त पटली.

त्या मुलीच्या यादीत उलटं चित्र होतं. उशिरा केलेल्या खेपेत दर वेळी खरा माल निघत होता, आणि तो निघाला की भावना आठवरून दोनवर यायची. लक्षात ठेवा, खरं अडकलेलं असेल तर ते बाहेर पडल्यावर आराम पडतो. हळवेपणा असेल तर बाहेर काय पडलं यावर आराम अवलंबून नसतो.

इथे एक फसवी जागा आहे. बरेच जण म्हणतात, "मी थांबून बघितलं, अर्ध्या तासात भावना गेली, म्हणजे आत काही नव्हतं." असं नसतं. गुदाशयात मल असला तरी थोड्या वेळानं भिंत त्याच्याशी जुळवून घेते आणि कळ ओसरते. कळ दाबल्यावर ती जाते ती याचमुळे. त्यामुळे भावना गेली यावरून काही ठरवू नका. पुढच्या वेळी आपोआप लागली तेव्हा काय आलं, ते बघा.

आणि ही यादी म्हणजे निदान नाही. दोन्ही त्रास एकत्र असू शकतात, बऱ्याचदा असतातही. यादीमुळे एवढंच होतं की डॉक्टरकडे जाऊन "पोट साफ होत नाही" यापेक्षा बरंच उपयोगाचं काहीतरी सांगता येतं.

हळवेपणा म्हणण्याआधी

थांबा, एक गोष्ट आधी. गुदाशय हळवा होण्याचं कारण कधीकधी खरा आजार असतो. आतलं अस्तर सुजलं असेल, मग ते अमिबाच्या संसर्गामुळे असो किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, तर अगदी थोड्याशानं सारखी कळ येते आणि बाहेर नुसती आव पडते. गुदाशयात गाठ असेल तर मेंदूला ती मलासारखीच वाटते, आणि ती कितीही कुंथलं तरी बाहेर येणार नाही.

म्हणून मलातून रक्त किंवा रक्तमिश्रित आव पडत असेल, वजन उतरत असेल, ताप असेल, हिमोग्लोबिन कमी आलं असेल, कळ झोपेतून उठवत असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, किंवा हा त्रास अलीकडेच नव्यानं सुरू होऊन वाढत असेल, तर १४ दिवसांची यादी करत बसू नका. सरळ डॉक्टरकडे जा. "मूळव्याध असेल" असं स्वतःच ठरवून मलम आणण्यात लोक कितीतरी महिने घालवतात. त्या मुलाला यातलं काही नव्हतं, तरी मी मलाची तपासणी केली, त्यात सूज दाखवणारी कॅलप्रोटेक्टिनची चाचणीही होती, आणि दुर्बिणीनं गुदाशय बघितला. सगळं साफ आल्यावरच पुढे गेलो.

फुग्याची चाचणी

मग खात्री कशी करतात? दोन साध्या चाचण्या आहेत, भूल वगैरे लागत नाही.

पहिली, बलून एक्स्पल्शन. एक छोटा फुगा आत ठेवून त्यात ५० मिली पाणी भरतात. मग संडासात बसून तो बाहेर काढायचा. सर्वसाधारण माणूस मिनिटभरात काढतो. आपल्या मुलानं १५ सेकंदांत काढला. म्हणजे ढकलण्याची यंत्रणा ठणठणीत. मुलीला तीन मिनिटांतही जमलं नाही, शेवटी पाणी काढून फुगा बाहेर घ्यावा लागला.

दुसरी, अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री. यात एक बारीक नळी आत ठेवून दाब मोजतात, आणि आतला फुगा थोडा थोडा फुगवत विचारतात, आता काही जाणवतंय? आता संडासला जावंसं वाटतंय? आता सहन होत नाहीये का? आकडे लॅबनुसार बदलतात, पण बहुतेकांना १०० मिलीच्या पुढेही बराच वेळ सहन होतं. आपल्या मुलाला ३५ मिलीला जोरात लागली आणि ७० मिलीला तो म्हणाला, "बास, काढा." आत आलेल्या प्रत्येक गोष्टीचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवलाय, असं हे. तो म्हणत होता तो "मोठा गोळा" त्याला खरोखर जाणवत होता. फक्त तो गोळा नव्हता.

मुलीच्या मॅनोमेट्रीत जोर लावताना गुदद्वाराचा दाब कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला. ग्राफवर तिला दाखवलं तर ती स्वतःच म्हणाली, "अय्या, मी उलटंच करतेय." एक सांगतो, परक्या खोलीत, लाज वाटत असताना चांगल्या माणसालाही कधीकधी जमत नाही. म्हणून एकाच चाचणीवर निदान करत नाहीत. दोन्ही चाचण्या आणि लक्षणं जुळावी लागतात. जुळली नाहीत तर डेफेकोग्राफी करतात. त्यात आत जेल किंवा बेरियम भरतात आणि ते बाहेर टाकताना एक्स-रे किंवा एमआरआयनं चित्रण करतात. भिंतीला कुठे फुगवटा आहे का, आतलं आतड्यात घडी पडते का, ते त्यात दिसतं.

मग उपाय वेगळे कसे?

मुलीला औषध वाढवून उपयोग नव्हता. तिला बायोफीडबॅक दिलं. स्क्रीनवर स्वतःच्या स्नायूचा दाब बघत पोटानं जोर लावायचा आणि खालचा स्नायू सोडायचा, हे शिकायचं. साधारण पाच-सहा सेशन लागतात. घरी कमोड होता, तर पायाखाली पाट घ्यायला सांगितलं, म्हणजे गुडघे वर येतात आणि वाट सरळ होते. आपल्या जुन्या उकिडव्या बैठकीत हे आपोआप व्हायचं. तिसऱ्या महिन्यात बोट वापरायची वेळ येणं थांबलं.

मुलाचं पहिलं काम होतं चूर्ण हळूहळू बंद करणं. त्याला भीती होती की सगळं अडकेल. तसं झालं नाही. एकदोन आठवडे जरा मंद गेले, इसबगोलवर निभावलं. दुसरं काम अवघड होतं. पहिल्या खेपेला जास्तीत जास्त दहा मिनिटं, फोन बाहेर. मग उठायचं, आणि "राहिलंय" वाटलं तरी परत जायचं नाही. चहा करायचा, कपडे करायचे, बूट घालायचे. पुन्हा जायचं ते खरी कळ आपोआप आली तरच. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "सर, फार त्रास होतोय, सतत लक्ष तिकडेच जातं." ते साहजिक आहे. मेंदू दोन वर्षं त्या एका जागेवर पहारा देत होता. सोबत मी त्याला एक औषध अगदी कमी डोसमध्ये दिलं, जे मोठ्या डोसमध्ये डिप्रेशनसाठी देतात पण छोट्या डोसमध्ये आतड्याच्या नसांचा आवाज खाली आणतं. नाव सांगत नाही, कारण ते स्वतःहून घ्यायचं औषध नाही.

दोन महिन्यांनी खेपा रोज एक किंवा दोनवर आल्या. भावना पूर्ण गेली का? नाही. त्याच्या नोट्समध्ये ती आठवरून तीन-चारवर आली होती. पण त्यानं एक वाक्य लिहून आणलं होतं, "वाटतं, पण जात नाही, आणि तासाभरानं विसरतो." मला विचाराल तर बरं होणं ते हेच. साडेआठची बस तो आता पकडतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी "अजून आहे" असं वाटलं तर चूर्णाच्या डबीकडे हात जाण्याआधी एवढंच आठवा, मागच्या वेळी परत गेलो तेव्हा काय आलं होतं? ते लिहून ठेवा. आणि डॉक्टरकडे गेलात तर बोटानं तपासून घ्यायला लाजू नका. त्यांनी तपासलं नाही तर तुम्हीच विचारा, "सर, तपासून बघता का?" त्या दोन मिनिटांनी त्या मुलाची दोन वर्षं वाचली असती.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत फोन संडासाबाहेर ठेवा.